भार कुठून येणार?

सहामाही परीक्षेत मराठीच्या पेपरला मी वर्गावर पर्यवेक्षक होतो. अकोल्यातली आमची शाळा उर्दू माध्यमाची, वर्ग सातवीचा. अर्धा पेपर झाला असेल तेव्हा मागून खाड असा आवाज आला आणि दोन कुबड्या फरशीवर आदळल्या. सगळी मुलं वळून बघायला लागली. ज्याच्या कुबड्या होत्या तो मुलगा मान खाली घालून तसाच बसून राहिला. उठून त्या उचलणं त्याला शक्य नव्हतं, कारण उठायलाच त्या लागतात.

कुबड्या ज्या हुकावर टांगल्या होत्या तो बाकाच्या कडेला स्क्रूने बसवलेला प्लास्टिकचा हुक मधोमध तुटला होता. तो आम्हीच शाळेच्या प्रयोगशाळेत थ्रीडी प्रिंटरवर छापला होता. मी कुबड्या उचलून त्याच्या हाताशी ठेवल्या आणि हळू आवाजात म्हणालो, "त्यावर दप्तरही टांगलं होतंस ना?" त्याने मान हलवली. माझा प्रश्न तिथेच संपला. दोष त्याचा, असं मी ठरवून टाकलं होतं.

दोष माझा होता. तो कसा, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. कारण माझ्यासारखे बरेच शिक्षक आज या यंत्रासमोर उभे आहेत, आणि जी चूक मी केली ती पडद्यावर अगदी शहाणपणासारखी दिसते.

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांना टिंकरिंग लॅब द्यायला सुरुवात केली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, २० लाख रुपयांपर्यंतचं अनुदान, आणि सामानाच्या यादीत थ्रीडी प्रिंटर. अशा लॅबमध्ये आणि तिचं बघून इतरत्र उभ्या राहिलेल्या छोट्या प्रयोगशाळांमध्ये यंत्र येतं, पण ते कुणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. आमच्याकडे विज्ञानाचे सर बदलून गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड.ला फळ्यावर तक्ते कसे लावायचे ते शिकलो होतो, प्लास्टिक कसं वितळवायचं ते नाही.

यंत्राचं काम तसं सोपं आहे. फिलामेंट म्हणजे प्लास्टिकची लांब तार गरम नोझलमधून पातळ होऊन बाहेर येते. नोझलचं भोक साधारण ०.४ मिलिमीटरचं. ती धार खालच्या सपाट बेडवर चित्र काढल्यासारखी फिरते, एक थर पूर्ण झाला की नोझल ०.२ मिमी वर सरकतं आणि पुढचा थर आधीच्या थरावर बसतो. आपल्या घरी अम्मी शेवयांचं यंत्र फिरवायच्या, तसंच हे. फक्त शेवई एकावर एक रचून वस्तू उभी राहते.

इथूनच दोन गोष्टी निघतात, आणि सारा घोळ या दोन गोष्टींचाच आहे.

पहिली अशी की हवेत थर बसत नाही. खाली काहीतरी हवं. भिंत थोडी बाहेर झुकत असेल तर चालतं. साधारण ४५ अंशांच्या झुकावात प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा ०.२ मिमी बाहेर येतो, म्हणजे ०.४ मिमी रुंदीच्या धारेला अर्धा तरी आधार मिळतो. त्याहून आडवं काही असेल तर खाली सपोर्ट लागतो, म्हणजे छपाईसोबतच उभा राहणारा कच्चा मचाण. स्लॅब टाकताना खाली बल्ल्या लावतात आणि नंतर काढून टाकतात, तसंच. त्यात प्लास्टिक जातं, वेळ जातो, आणि काढताना खालची बाजू ओरबाडली जाते.

दुसरी गोष्ट तितकी डोळ्यांना दिसत नाही. एका थराच्या आत प्लास्टिकचा धागा सलग असतो. पण दोन थरांच्या मध्ये तसं नसतं. गरम धार बसते तेव्हा खालचा थर निवालेला असतो, त्यामुळे दोघं पुरते एकजीव होत नाहीत, नुसते चिकटतात. शिवाय दोन थरांच्या सांध्यावर बाहेरून बारीक खाच राहते, आणि तडा तिथूनच सुरू होतो. त्यामुळे थरांच्या दिशेने ओढलं तर वस्तू बरीच ओढ सहन करते. थर एकमेकांपासून सुटतील असं ओढलं तर त्याच्या निम्म्यावरही निघून येऊ शकते.

आता आमचा हुक. पाठीमागे ८० मिमी उंच, २० मिमी रुंद, ५ मिमी जाड पट्टी. तिच्या खालच्या भागातून पुढे आलेली ४० मिमी लांब, ६ मिमी जाड दांडी. टोकाला वर वळलेलं १२ मिमीचं बोंड, कुबडी घसरू नये म्हणून. पट्टीत स्क्रूसाठी दोन भोकं.

हा हुक बेडवर तीन प्रकारे ठेवता येतो. बाकावर जसा दिसेल तसा उभा, पाठीवर निजवलेला, किंवा कुशीवर.

मुलांनी आधी उभा ठेवला, कारण हुक म्हटला की तो तसाच दिसतो. पडद्यावर दांडीच्या खालची बाजू लाल झाली. आम्ही वापरतो त्या क्युरामध्ये अशा लाल रंगाचा अर्थ होतो, की इथे खाली काही नाही, सपोर्ट लावा. सपोर्ट लावला तर दांडीच्या लांबीइतका मचाण उभा राहणार होता. मी म्हणालो, प्लास्टिक वाया जातं, फिरवा. मग मुलांनी तो पाठीवर निजवला. पट्टी बेडवर सपाट, दांडी खांबासारखी आकाशाकडे. लाल रंग जवळजवळ गेला, फक्त वरच्या बोंडाखाली थोडा उरला. पट्टी बेडला घट्ट धरून राहणार, समोरची बाजू गुळगुळीत येणार. मी खूश झालो. मुलांना सांगितलं, सपोर्ट कमी म्हणजे काम चोख.

परीक्षेत जो तुटला तो हाच.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी अमरावतीला घरी गेलो. आमच्या मोहल्ल्यात एक मिस्त्री आहेत. वय सत्तरीच्या पुढचं, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. प्लास्टिकचा नाद सोडावा आणि त्यांच्याकडून सरळ लाकडी खुंटी करून घ्यावी, असा माझा विचार होता. नमुना म्हणून तुटलेले दोन्ही तुकडे खिशात होते. चाचा तेव्हा सागवानाच्या फळीतून रिहल कापत होते. कुराण ठेवायची रिहल आपण सगळ्यांनी पाहिली आहे. चांगली रिहल एकाच फळीतून निघते. खिळा नाही, बिजागरी नाही. फळी मधून चिरून, दात कापून, एकमेकांत अडकलेली दोन पानं उघडतात.

चाचांनी तुटलेली दांडी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. तोंड एकदम सपाट होतं, सुरीने कापल्यासारखं. ते म्हणाले, "मास्तर, हे मोडलं नाही, उकललं. रेशा आडवा घेतला तुम्ही."

मी म्हणालो, चाचा, प्लास्टिकला कुठे रेशा असतो? त्यांनी दांडी उजेडात धरली. तिच्या अंगावर आडव्या बारीक रेघा होत्या, बांगड्या एकावर एक रचल्यासारख्या. "हा काय मग?" मग त्यांनी हातातली रिहल दाखवली. लाकडाचा रेशा पायाकडून वरच्या पानाकडे लांब गेलेला होता. "हा जर असा आडवा घेतला असता," फळीवर बोटाने रेघ ओढत ते म्हणाले, "तं कुराण ठेवल्याबरोबर पाय खाली अन् पान वर. दात तं कापतानाच झडले असते."

वखराचा दांडा असो की कुऱ्हाडीचा, वऱ्हाडातला कोणताही सुतार रेशा दांड्याच्या लांबीनेच घेतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण लाकडाला रेशा झाड देतं, तो आधीच ठरलेला असतो. प्रिंटरमध्ये रेशा आपण देतो. वस्तू बेडवर कशी ठेवली, त्या एका निर्णयाने तो ठरतो, आणि छापून झाल्यावर बदलता येत नाही. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पडदा फक्त सपोर्ट कुठे लागेल ते लाल रंगात दाखवत होता. दांडी कुठे उकलेल ते कोणत्याच रंगात दिसत नव्हतं.

घरी येऊन कागदावर साधा हिशेब मांडला. कुबड्या आणि दप्तर मिळून ४ किलो धरू. ते दांडीच्या टोकाला, म्हणजे मुळापासून ४० मिमीवर. हा तरफेचा प्रकार आहे. भार खाली ओढतो तेव्हा दांडीच्या मुळाशी वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. पण दांडी जाड आहे फक्त ६ मिमी, आणि ताण व दाब यांच्यातलं अंतर त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ४ मिमी. ४० ला ४ ने भागा. दहा पट. टोकाला ४ किलो असलं की मुळाशी वरच्या अर्ध्या भागाला सुमारे ४० किलोची ओढ बसते. मुलाने दप्तर झटक्यात अडकवलं तर त्याच्या दुप्पट. आणि पाठीवर छापलेल्या हुकात नेमकी हीच ओढ थरांना एकमेकांपासून सोडवणारी होती. त्यात आमचा आतला कोपरा काटकोनी, म्हणजे तडा सुरू व्हायला आयती जागा.

आता तोच हुक कुशीवर ठेवून बघा. इंग्रजी 'एल' अक्षर कागदावर निजवावं तसा. पट्टी, दांडी, बोंड सगळं बेडला टेकलेलं, उंची फक्त २० मिमी. हवेत काहीच नाही, म्हणून सपोर्ट शून्य. आणि प्रत्येक थर हा पूर्ण 'एल' असतो: धागा पट्टीतून वळून दांडीत आणि दांडीतून बोंडात सलग जातो. ती ४० किलोची ओढ आता धाग्याच्या लांबीने बसते, थरांच्या सांध्यावर नाही. स्क्रूची भोकं आडवी येतात, त्यांची छत किंचित लोंबते, पण ४-५ मिमीच्या भोकाला त्याने काही होत नाही. हाताने ड्रिल फिरवला की साफ. आतल्या कोपऱ्याला आम्ही ४ मिमीची गोलाई दिली. या ठेवणीत त्या गोलाईलाही सपोर्ट लागत नाही.

सोमवारी मुलांबरोबर प्रयोग केला. दोन्ही प्रकारचे तीन-तीन हुक छापले. प्लास्टिक तेच, थराची जाडी तीच, गोलाई दोघांनाही दिलेली, म्हणजे फरक फक्त ठेवणीचा राहावा. हुक फळीवर स्क्रूने बसवले, बादली टांगली आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत गेलो. एक लिटर म्हणजे एक किलो. रिकाम्या बादलीचं वजन आधी करून ठेवलं होतं. पाठीवर छापलेले तिन्ही हुक ६ ते ८ किलोच्या दरम्यान तुटले, कोणतीही पूर्वसूचना न देता, तोच खाड आवाज. कुशीवरचे तिन्ही १२ किलोला उभे होते. दांडी थोडी वाकली होती, पण टिकली. बादली भरली म्हणून आम्ही तिथे थांबलो. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नाही, तीन-तीन नगांवर कुणी नियम बांधू नये. पण ज्याच्या कुबड्या पडल्या होत्या तो मुलगा माप धरून उभा होता, आणि शेवटचा लिटर त्यानेच ओतला.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मुलांना हाताने कळली. तुटलेला भाग बोलतो. तोंड सपाट, चकचकीत, थराच्या रेघेला समांतर असेल तर वस्तू उकलली आहे, म्हणजे ठेवण चुकली. तोंड वेडंवाकडं, ताणून पांढरं पडलेलं असेल तर प्लास्टिकने आपली पूर्ण ताकद लावली होती आणि भारच जास्त झाला. तिथे वस्तू जाड करावी लागेल. आम्ही आधी तुटलेले तुकडे कचऱ्यात टाकायचो. आता डब्यात ठेवतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग कुशीवर ठेवा, संपलं. तसं नाही. हुकाच्या बाबतीत नशीब चांगलं होतं, एकाच ठेवणीत सपोर्टही वाचला आणि ताकदही आली. नेहमी असं होत नाही. त्याच मुलासाठी नंतर सायकलच्या नळीवर बसणारी कुबडीची कडी करायची होती: नळीला धरणारी कमान आणि तिच्यातून आडवी निघणारी खुंटी. कमान उघडते-मिटते, म्हणून थर तिच्या गोलाईने फिरायला हवेत, म्हणजे ती बेडवर बांगडीसारखी निजवायला हवी. पण मग खुंटी खांबासारखी उभी राहते आणि तिच्यात थर आडवे येतात. एकाला न्याय दिला तर दुसऱ्यावर अन्याय. तिथे आम्ही वस्तूचे दोन भाग केले. कमान निजवून छापली, खुंटी आडवी निजवून छापली आणि मधून एक लोखंडी बोल्ट घातला. वस्तू एकसंधच निघाली पाहिजे, हा हट्ट सोडला की अर्धे प्रश्न सुटतात. आणि जिथे भाग करता येत नाहीत तिथे ताकदीची ठेवण निवडा आणि सपोर्ट लागला तर लावा. दहा ग्रॅम प्लास्टिक वाया गेलं तर ते कचऱ्यात जातं. कुबडी पडली तर मूल पडतं.

ठेवणीने सगळंच सुटतं असंही नाही. आम्ही वापरतो ते पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. अकोल्यात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो, मग टिनाच्या शेडखाली उन्हात तापलेल्या भिंतीचं किंवा उभ्या गाडीच्या आतलं काय सांगावं. अशा जागी कुशीवर छापलेला हुकही तुटणार नाही, पण मेणासारखा लोंबेल. बाहेर लावायच्या वस्तूंसाठी आम्ही आता जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी वापरतो. सायकलची कडी त्याचीच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या शाळांच्या प्रदर्शनांत थ्रीडी प्रिंटरच्या टेबलावर ताजमहाल असतो, नावाच्या पाट्या असतात, गणपती असतो, मशिदीचे मिनार असतात. पाहुणे येतात, बोट फिरवून गुळगुळीत आहे का बघतात आणि शाबासकी देतात. शोभेच्या वस्तूवर भार नसतो, म्हणून तिच्यात रेशाचा प्रश्नच येत नाही. तिथे मूल एकच गोष्ट शिकतं: सपोर्ट कमी आणि समोरची बाजू साफ. हीच सवय घेऊन ते पहिली कामाची वस्तू करतं आणि ती तुटते. मग आपण म्हणतो, प्लास्टिक कच्चं होतं, यंत्र स्वस्तातलं होतं, किंवा मी म्हणालो तसं, पोराने दप्तर टांगलं.

म्हणून आमच्या लॅबच्या वहीत मी एक रकाना वाढवला आहे. छपाईच्या आधी मुलाने वस्तूचं चित्र काढायचं आणि भार कुठून येणार तिथे बाण काढायचा. मग थरांच्या रेघा काढायच्या. बाण थरांना एकमेकांपासून सोडवत असेल, तर वस्तू फिरवायची. सपोर्टचा लाल रंग त्यानंतर बघायचा. प्रदर्शनाच्या परीक्षकांनाही माझी विनंती आहे: वस्तूवर बोट फिरवण्याआधी तिच्यावर काहीतरी टांगून बघा, आणि मुलाला विचारा की बेडवर ती कशी निजवली होती आणि का. त्या उत्तरात कळेल की छपाई मुलाने केली की यंत्राने.

नवा हुक आता चार महिने झाले बाकावर आहे. समोरून त्यावर रेघा दिसतात, आधीच्यासारखा गुळगुळीत नाही. मी त्या मुलाची माफी मागितली. तेव्हा तो जरा लाजला आणि म्हणाला, "सर, दप्तर टांगू का मग?"

टांग म्हणालो.